मोसंबी हिरवीच असते

मराठीच्या प्राध्यापिकेने जाहिरात लिहू नये, असा काही विद्यापीठाचा नियम नाही. तसा तो असता तर गेल्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या भाच्याचे 14,400 रुपये वाचले असते, असे आमच्या दाजींचे ठाम मत आहे. ते मत त्यांनी माझ्यासमोर एकदाही बोलून दाखवले नाही. पण भाऊबीजेला जेवायला बसल्यावर "मास्तरीणबाईंना अजून वाढा" असे जे ते म्हणाले, त्यातला सूर मला कळला. म्हणून त्या पैशांचे काय झाले हे या सदरात एकदा नीट मांडावे म्हणते. वाचकांपैकी कोणाचा मुलगा, सून किंवा शेजारी आज ना उद्या फोनवरून काहीतरी विकायला निघणारच आहे.

माझ्या थोरल्या बहिणीची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. दाजींनी मात्र टँकरचे पाणी विकत घेऊन काही झाडे जगवली आणि पुढे चार पावसाळे बरे गेल्यावर नवी लावली. त्यामुळे त्या घरात मोसंबीविषयी थट्टा चालत नाही. माल दरवर्षी व्यापाऱ्याला जागेवर दिला जातो. व्यापारी येतो, झाडांकडे पाहतो, दाजींकडे पाहतो आणि भाव सांगतो. आंबे बहाराचे फळ तयार झाले की थांबता येत नाही. फळगळ सुरू झाली की रोज सकाळी झाडाखाली तोटाच पसरलेला दिसतो. भाव ठरवणाऱ्याला हे ठाऊक असते.

भाच्याच्या मनात आले की, निदान थोडा माल तरी पाच-पाच किलोच्या पेट्यांत भरून पुण्या-मुंबईच्या घरी थेट पाठवावा. कल्पना वाईट नव्हती. त्याने हिशेब मांडला तोही वाईट नव्हता. पेटीची किंमत 650 रुपये घरपोच. त्यात फळ 150 रुपयांचे, पुठ्ठ्याची पेटी आणि निवडणावळ 60 रुपये, कुरिअरचे 200 रुपये. म्हणजे पेटीमागे 240 रुपये हाती राहतात. ठिबकच्या नळ्या बदलायला म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशांतले काही त्याने आईकडून मागून घेतले आणि गूगलवर जाहिरात द्यायचे ठरवले. कोणी फोनवर मोसंबी शोधली की वर ही जाहिरात दिसावी आणि तिच्यावर बोट ठेवले की माणूस थेट बागेच्या संकेतस्थळावर यावा, अशी ती योजना होती. पैसे द्यायचे ते जाहिरात दिसल्याचे नाहीत, कोणी तिच्यावर बोट ठेवले तरच. त्या बोट ठेवण्याला क्लिक म्हणतात. आमचे भाषाशुद्धीवाले टिचकी म्हणतात, पण टिचकीला आठ रुपये पडतात हे त्यांना सांगितले तर तेही क्लिकच म्हणतील.

जाहिरातीचा मथळा तीस अक्षरांत बसवावा लागतो. भाचा फोन घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, एक ओळ दे." मी तासभर विचार केला. आमच्या गावाविषयी 'जालना सोने का पालना' अशी एक जुनी म्हण आहे. ती मनात घोळू लागली. शेवटी मी लिहिले, 'सोन्याच्या पाळण्यातली मोसंबी'. ओळ मर्यादेत बसली. भाच्याने तिच्या शेजारी कुठूनसे मिळवलेले, पिकून सोनेरी झालेल्या फळांचे देखणे चित्र जोडले. खाली दुसरी ओळ होती: पाच किलोची पेटी, 650 रुपयांत घरपोच.

तीन आठवड्यांत 1,800 क्लिक झाले. भाचा रोज रात्री आकडा कळवायचा आणि मी स्टाफरूममध्ये तो सांगायची. वर्गात मी इतकी वर्षे शिकवते आहे, पण तीन आठवड्यांत 1,800 माणसांनी माझ्या एका ओळीकडे बोट नेल्याचा प्रसंग पूर्वी आला नव्हता. चौथ्या आठवड्यात तो स्वतःच आला. चप्पल काढता काढता म्हणाला, "मावशी, जाहिरात लई चालली, पण पेटी काही हलली नाही." नऊ पेट्या गेल्या होत्या. एका पेटीमागे जाहिरातीचे 1,600 रुपये पडले होते आणि पेटी 650 ची.

माझी पहिली प्रतिक्रिया, कबूल करते, ओळीच्या बचावाची होती. ओळ वाईट असती तर लोकांनी बोट ठेवले नसते. मग लोकांनाच घ्यायचे नसेल! फुकटे बघे असतील! दाजींनीही हेच निदान केले होते, फक्त त्यांच्या निदानात 'पुण्याचे' हा शब्द जास्त होता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी छत्रपती संभाजीनगरला जाहिरातींच्या याच कामात आहे. सणाला जालन्याला आली होती. ती आणि भाचा आमच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसले. तिने ओळीबद्दल चकार शब्द काढला नाही. पहिला प्रश्न विचारला तो निराळाच: "फोनवरून किती पेट्या गेल्या?"

भाच्याने खिशातली वही काढली. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून सहा जणांनी पेट्या मागवल्या होत्या, पण संगणकाच्या हिशेबात त्या कुठेच नव्हत्या. "मॅडम, आधी हे बघावं लागतं," ती मला म्हणाली. "पुष्कळदा विक्री कमी नसते, मोजणी कमी असते. आपल्याकडची माणसं पान बघतात आणि फोन उचलतात." जुन्या मासिकांतल्या टपालाने माल मागवायच्या जाहिरातींत पत्त्यासोबत एखादा विभाग क्रमांक छापलेला असे. दुकानात तसला विभाग बहुधा नसेच. कोणत्या मासिकातली जाहिरात वाचून पत्र आले ते कळावे एवढ्यासाठी तो आकडा. तीच सोय इथे फोनला केलेली नव्हती. आता पेट्या पंधरा झाल्या. तरी पेटीमागे जाहिरातीचा खर्च 960 रुपये येत होता आणि परवडणार होते जास्तीत जास्त 240. आठ रुपयांचा क्लिक धरला तर तीस जण आले की त्यांतल्या एकाने पेटी घ्यायलाच हवी, तेव्हा कुठे बरोबरी. इथे एकशेवीस येत होते तेव्हा एक घेत होता.

दुसरी पायरी म्हणजे आलेली माणसे कोण होती ते पाहणे. लोकांनी काय शोधले असता आपली जाहिरात दिसली, त्याची यादी गूगलच्या खात्यात मिळते. ती यादी वाचताना मला एखाद्या गावच्या बाजारात बसल्यासारखे वाटले. 'मोसंबी भाव आज जालना', 'मोसंबी रोपे', 'मोसंबी फळगळ उपाय', 'मोसंबी ज्यूस मशीन किंमत'. बिचारे शेतकरी भाव पाहायला आले होते आणि भाच्याने प्रत्येकामागे आठ रुपये मोजले होते! शब्दांची जुळणी त्याने सैल ठेवली होती. तशी ती ठेवली की मोसंबीच्या आसपासचे सगळेच शोध गूगल जवळचे मानते. 'भाव', 'रोपे', 'मशीन' असले शब्द नकोत म्हणून वेगळे नोंदवता येतात. ते त्याने केलेच नव्हते.

इथे मला पुन्हा धीर आला. दोष माणसांचा निघाला, ओळ सुटली! पण ती मुलगी आकडेमोड करीत होती. असे चुकून आलेले क्लिक सुमारे 600 निघाले. उरले 1,200, त्यांनी 'मोसंबी ऑनलाइन पुणे', 'मोसंबी पेटी घरपोच' असेच काहीतरी शोधले होते. ही घ्यायलाच निघालेली माणसे. पंधरा पेट्या याच लोकांच्या मानल्या तरी ऐंशी जणांत एक. हवा होता तिसांत एक. "बाजारात चुकून आलेला माणूस रिकाम्या हाताने गेला तर त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पिशवी घेऊन आलेला रिकामा गेला, तर दुकानात काहीतरी बिनसलेलं असतं." बिघाड पानात आहे की पाहुण्यांत आहे, हे ओळखण्याची हीच खूण. नेमका आपला माल शोधणाऱ्यांचा गट वेगळा काढायचा आणि त्यांच्यातले किती जण घेतात ते पाहायचे. तेही जात असतील तर पाहुण्यांना बोल लावून उपयोग नाही.

मग तिने एक गंमत केली. शेजारच्या काकू दिवे मागायला आल्या होत्या. तिने त्यांना जवळ बोलावले, बागेचे संकेतस्थळ फोनवर उघडून पाच सेकंद त्यांच्यासमोर धरले आणि झाकले. "काकू, इथं काय मिळतं?"

काकू जरा विचारात पडल्या. "फेटेवाले कोण आहेत? निवडणुकीचं काही आहे का?"

फेटेवाले म्हणजे भाच्याचे आजोबा. मोसंबीचे पहिले झाड त्यांनी लावले, म्हणून पानाच्या माथ्यावर त्यांचा फोटो होता. मागे बागेची आकाशातून काढलेली चलत्‌चित्रफीत फिरत होती आणि खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, आम्ही ताज्या फळांचे घाऊक पुरवठादार आहोत, अशा अर्थाचे वाक्य होते. त्याखाली एक अर्ज. कंपनीचे नाव काय, माल किती टन हवा, वगैरे. आणि किमान मागणी 500 किलो! हे पान दोन वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांसाठी केलेले होते. पाच किलोच्या पेटीचा दुवा पार तळाशी होता, तिथे पोहोचायला अंगठ्याने सहा वेळा पान वर सरकवावे लागे.

आता जाहिरातीवरून येणाऱ्या गृहिणीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ती मराठीत वाचून आली. तिला पाच किलो मोसंबी, 650 रुपयांत, घरी हवी आहे. आली तर समोर इंग्रजी, फेटा, टनांचा अर्ज. ती वाचत बसत नाही. आपण चुकीच्या दारात आलो, एवढे तिला कळते आणि ती मागे फिरते. जाहिरातीत जे वचन दिले ते पोहोचताक्षणी तिथे दिसले नाही, तर माणूस ते शोधत नाही. ज्या पानावर माणूस येऊन उतरतो त्याला या धंद्यातले लोक लँडिंग पेज म्हणतात, आणि जाहिरात व हे पान यांचा मेळ नसणे हा त्यांच्याकडचा नेहमीचा आजार आहे. बहुतेक ठिकाणी त्याचे कारण आमच्या घरात होते तेच असते. जाहिरात एकाने, एका वेळी, एका गिऱ्हाइकासाठी लिहिलेली असते आणि पान दुसऱ्याने, दुसऱ्या वेळी, दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी केलेले असते. दोन्ही शेजारी ठेवून कोणी पाहिलेलेच नसते. मी तासभर ओळ घडवली, पण त्या तासात एकदाही भाच्याला "ती वाचून माणूस जातो कुठे?" असे विचारले नाही.

पण सारे क्लिक एकाच जागी गळाले नव्हते. फळगळीतही देठाची गळ निराळी आणि किडीची गळ निराळी, तसेच हे. संकेतस्थळावर मोजणीची सोय होती. तिच्यातून पायऱ्या काढता आल्या. 1,800 जणांनी जाहिरातीवर बोट ठेवले, पण पान उघडेपर्यंत थांबले 1,480. बाकीचे ती चलत्‌चित्रफीत यायच्या आतच गेले. 1,480 पैकी तळापर्यंत गेले 210. पेटीच्या पानावर पोहोचले 96. त्यांतल्या 41 जणांनी आपला पिनकोड भरला. आणि पैसे भरले नऊ जणांनी.

सर्वांत मोठी गळ पहिल्या पडद्यावरची, तिचे कारण काकूंनी सांगितलेच होते. पण मला जास्त चकित केले शेवटच्या गळीने. पिनकोड भरणाऱ्या माणसाने मनाशी घ्यायचे नक्की केलेले असते. अशा 41 पैकी 32 जण तिथून का परतावेत? भाच्याने छातीठोकपणे सांगितले, "किंमत तर बरोबर आहे, मावशी. साडेसहाशेच."

बरोबर होती, पण ती दिसत कशी होती? पेटीच्या पानावर लिहिले होते 450 रुपये. पिनकोड भरला की खाली ओळ उमटायची: वाहतूक 200 रुपये, एकूण 650. बेरीज अगदी चोख. परंतु जाहिरातीत 650 वाचून आलेल्या बाईला मध्येच 450 दिसले, ती मनात सुखावली, आणि घटकेने तिच्यावर 200 रुपये चढले. तिला जे वाटले ते फसवणुकीसारखे वाटले. शिवाय काहींना वाटले असेल की हा माल 450 चा आहे आणि 650 त हे लोक आपल्याला गंडवत आहेत. मुळात एक रुपयाही जास्त घेतलेला नाही, तरी जाहिरातीतला आकडा आणि पानावरचा आकडा यांची भेट शेवटच्या पायरीवर झाली, म्हणून गिऱ्हाईक गेले. मेळ म्हणजे अर्थाचा मेळ, असे मी समजत होते. तो डोळ्यांना दिसणारा मेळही असावा लागतो. तेच शब्द, तोच आकडा, तेच चित्र.

चित्राचे निघाले आणि माझी पाळी आली.

ज्यांनी पेटी मागवली त्यांच्यापैकी दोघांनी फोन करून विचारले होते, कच्ची का पाठवलीत? आणि पेटीच्या पानावरचा फोटो मात्र खरा होता. भाच्याने स्वतःच्या बागेतली फळे काढून ठेवून तो घेतला होता. ती फळे हिरवी होती. मराठवाड्यातली आंबे बहाराची मोसंबी तयार झाली तरी सालीवर हिरवी, फार तर हिरवट पिवळी असते. साल पिवळी व्हायला तिच्यातले हरितद्रव्य उतरावे लागते आणि त्याला रात्री थंड लागतात. आपल्याकडे फळात रस भरतो त्या दिवसांत रात्री तेवढ्या थंड नसतात. आत गोडी आलेली असते, वर रंग आलेला नसतो. जालन्याच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. मलाही ते ठाऊक होते, लहानपणापासून. तरीही मी सोने लिहिले, कारण म्हण चांगली जमत होती. आणि माझ्या सोन्याला शोभावे म्हणून भाच्याने सोनेरी फळांचे परके चित्र आणले. पुण्यातल्या बाईने सोने पाहून बोट ठेवले आणि पेटीच्या पानावर हिरवे पाहून काढून घेतले.

"मॅडम, ओळ छान आहे," विद्यार्थिनी शेवटी म्हणाली. आपण विद्यार्थ्यांच्या कवितांना जो सूर लावतो तो मला ओळखता आला. "पण तिच्यामुळेच एवढे क्लिक आले."

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेळ नसला की सगळे पान दुरुस्त करायला धावतात. पण पान जिथे खरे असते आणि जाहिरात खोटी, तिथे जाहिरात बदलायची असते. हिरव्या फळाचा फोटो काढून तिथे सोनेरी लावला असता तर मेळ झाला असता, पेट्याही गेल्या असत्या, आणि मग प्रत्येक पेटीमागे एक 'कच्ची का पाठवलीत' आला असता. भाच्याने एकदा हळूच विचारूनही पाहिले होते. दाजी मधल्या खोलीतून म्हणाले, "मोसंबी हिरवीच असते." विषय मिटला.

दुरुस्ती मग दोन दिवसांत झाली. व्यापाऱ्यांचे पान तसेच राहू दिले. त्या पानाचा त्याच्या गिऱ्हाइकाशी काही झगडा नव्हता. पेटीसाठी निराळे पान केले आणि जाहिरातीवरून माणूस तिथेच उतरेल असे केले. ते मराठीत, चलत्‌चित्रफितीशिवाय. फोन उभा धरला की न सरकवता जेवढे दिसते तेवढ्यात एक कापलेले आणि एक अख्खे हिरवे फळ, '5 किलो पेटी 650 रुपये घरपोच' आणि मागवायचे बटण. वाहतुकीची निराळी ओळ काढून टाकली. त्याखाली दोन वाक्ये, साल हिरवी का असते याची. ती मी लिहिली. माझ्यावर एवढा विश्वास अजून उरला होता. आणि फोनचे बटण, त्यावरून आलेली मागणीही मोजली जाईल असे. जाहिरातीचा मथळा झाला 'हिरवी, रसाळ जालना मोसंबी'. शेजारी बागेतलाच फोटो. माझी ओळ गेली.

दुरुस्तीनंतर क्लिक कमी झाले. इथे पुष्कळ जण घाबरून जुन्याकडे परततात, म्हणून मुद्दाम सांगते. पूर्वी रोज सरासरी 85 क्लिक होत असत, आता जेमतेम 40. भाचा पहिल्या दोन रात्री आकडा कळवेनासा झाला. पण रोपे आणि भाव शोधणारे आता येतच नव्हते, आणि सोनेरी फळाच्या आशेने येणारेही थांबले होते. जे येत होते ते हिरवी मोसंबी घ्यायला तयार होऊन येत होते. दहा दिवसांत 410 क्लिक झाले, 3,280 रुपये लागले आणि सतरा पेट्या गेल्या, त्यांत पाच फोनवरच्या. चोवीस जणांमागे एक. पेटीमागे जाहिरातीचा खर्च 193 रुपये, म्हणजे 240 तले 47 हाती राहिले.

वाचकांना वाटेल, एवढेच? सतरा पेट्यांचे मिळून सुमारे 800 रुपये, आणि गेलेले 14,400 आहेतच. होय, एवढेच. त्यातही माझ्या विद्यार्थिनीने भाच्याला बजावले की, सतरा हा आकडा लहान आहे. चार माणसे इकडची तिकडे झाली तरी हिशेब पालटतो, म्हणून आणखी दोन आठवडे पाहिल्याशिवाय काही ठरवू नये. दुसरी उणीव आमचीच. नियमाने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची असते, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळते. आम्ही शब्दांची यादी, पान, किंमत आणि चित्र सारे एकदम बदलले, कारण झाडाखाली रोज फळ पडत होते आणि ते नियमासाठी थांबणार नव्हते. त्यामुळे फेट्याने जास्त नुकसान केले की माझ्या सोन्याने, हे आता कधीच सिद्ध होणार नाही. मी त्याबद्दल दुःखी नाही.

गूगलच्या खात्यातही पानाला एक शेरा मिळतो. जाहिरातीशी पान कितपत जुळते, उघडायला सोपे आहे का, असले पाहून सरासरीच्या वर, सरासरी किंवा खाली असा तो असतो, आणि तो वाईट असला तर क्लिकही महाग पडू शकतो. आमच्या जुन्या पानाला 'खाली' मिळाला होता, पण भाच्याने तो रकानाच उघडलेला नव्हता. त्या शेऱ्यावर भिस्त ठेवावी असे मात्र मला वाटत नाही. 450 आणि 200 यांची ती बेरीज पाहून बाईला काय वाटेल, हे त्या शेऱ्यात उमटत नाही. ते काकूंना विचारावे लागते.

त्या हंगामात बाकीचा सारा माल नेहमीप्रमाणे व्यापाऱ्यानेच नेला. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी एकवीस पेट्या गेल्या आणि मग फळच संपले. ठिबकच्या नळ्या या वर्षी बदलल्या, पण त्याचे पैसे पेट्यांतून नाही, मृग बहाराच्या भावातून निघाले. हे दाजींनी मला दोनदा सांगितले.

एक अट माझ्या बहिणीची होती, ती राहिलीच सांगायची. आजोबांचा फोटो काढायचा नाही. पेटीच्या नव्या पानावर तो पार तळाशी ठेवला, कोणी तिथवर जाणार नाही अशा समजुतीने. शेवटच्या पेट्यांपैकी एक मागवायला कोथरूडहून एका बाईंचा फोन आला. पत्ता सांगून झाल्यावर त्यांनी भाच्याला विचारले, "अहो, ते फेटेवाले आजोबा तुमचे का? त्यांचा फोटो वर का नाही लावला?"